लाईटबिलाची तक्रार महिनोन्‌महिने कुणी ऐकत नसेल तर : बेळगाव भागातल्या ग्राहकाने तक्रार निवारण वेदिकेकडे कसं जायचं

खानापूर तालुक्यातल्या माझ्या मावशीचं लाईटबिल ऑगस्टमध्ये एकदम ₹4,260 आलं. घरात तीन बल्ब, दोन पंखे, एक टीव्ही आणि एक जुना फ्रिज, बस्स. त्याआधी कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या गृहज्योती योजनेमुळे तिचं बिल शून्य यायचं. चार महिने सेक्शन ऑफिस, सब-डिव्हिजन, डिव्हिजन असं फिरून झालं, प्रत्येक ठिकाणी "बघतो" म्हणाले आणि कुणीच बघितलं नाही, शेवटी लाईन कापायची नोटीस आली आणि तेव्हा आम्ही वेदिकेकडे गेलो. ते सगळं कसं केलं ते इथं सविस्तर लिहितोय कारण आपल्या भागात हे मराठीत सांगणारं कुणी नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट. मराठीत वीजबिलाची तक्रार म्हणून शोधलं की जे काही सापडतं ते सगळं महाराष्ट्राचं असतं, महावितरणचे फॉर्म, तिकडच्या आयोगाचे नियम, तिकडचे पत्ते. ते आपल्याला लागू नाही. निपाणी असू दे, चिकोडी असू दे, बेळगाव असू दे की खानापूर, आपलं कनेक्शन कर्नाटकातलं आहे, म्हणून आपल्याला कर्नाटक वीज नियामक आयोगाचे म्हणजे केईआरसीचे नियम लागतात. मूळ कायदा मात्र दोन्हीकडे एकच, 2003 चा वीज कायदा. त्याच्या कलम 42(5) प्रमाणे प्रत्येक वीज कंपनीला ग्राहकांच्या तक्रारींसाठी मंच काढावाच लागतो. आपल्याकडे तो जिल्ह्यासाठी असतो आणि बोर्डावर कन्नडमध्ये 'ग्राहकर कुंदुकोरते निवारणा वेदिके' असं लिहिलेलं असतं. ऑफिसात विचारताना नुसतं 'सीजीआरएफ' म्हटलं तरी कळतं. आणि हा मंच म्हणजे ग्राहक कोर्ट नव्हे. जिल्हा ग्राहक आयोग वेगळा, त्याचा कायदा वेगळा. बरेच लोक इथंच गोंधळतात आणि भलत्याच ठिकाणी अर्ज देऊन दोन महिने घालवतात.

पहिलं काम : चूक नक्की कुठली आहे ते शोधा

"बिल जास्त आलंय" ही तक्रार होत नाही, कारण त्यावर साहेबाचं उत्तर ठरलेलं असतं, "तुम्ही वापरलात म्हणून आलं." बिलावर दोन आकडे असतात, मागचं रीडिंग आणि आत्ताचं रीडिंग. ते दोन्ही बघा आणि मग बाहेर जाऊन मीटर बघा. मावशीच्या जुलैच्या बिलावर रीडिंग होतं 6284, ऑगस्टच्या बिलावर 6891, म्हणजे 607 युनिट. मी गेलो तेव्हा बिल येऊन सहा दिवस झाले होते आणि मीटरवर दिसत होतं 6412. म्हणजे मीटर अजून 6891 ला पोचलेलाच नव्हता! रीडिंगवाल्याने 6391 च्या जागी 6891 टाकलं होतं, 3 चा 8 झाला होता. खरा वापर होता 107 युनिट.

आता ह्यात गृहज्योतीचा घोळ समजून घ्या, कारण आपल्याकडच्या घरगुती ग्राहकाचं खरं नुकसान इथं होतं. ह्या योजनेत 2022-23 सालच्या तुमच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून तुमची फुकट युनिटची मर्यादा ठरते. मर्यादेच्या वर पण 200 च्या आत गेलात तर फक्त वरच्या युनिटचे पैसे. 200 च्या वर गेलात तर त्या महिन्याचं पूर्ण बिल भरायचं. मावशीची सरासरी 98, म्हणून 107 युनिट वापरले तरी तिला शून्य बिल. एका चुकलेल्या आकड्याने ती 607 वर गेली आणि तो महिना योजनेतून बाहेर पडला.

पुढच्या महिन्यात आणखी वाईट झालं. रीडिंगवाला आला तेव्हा मीटरवर 6497, मशीनमध्ये मागचं रीडिंग 6891, आत्ताचं मागच्यापेक्षा कमी म्हटल्यावर मशीन काही ते घेत नाही, मग त्याने सरासरीचं बिल काढलं. ती सरासरी कशाची, तर मागच्या तीन महिन्यांची, 104, 106 आणि तेच चुकीचं 607, म्हणजे 272 युनिट. परत 200 च्या वर! सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर तिन्ही महिने तसंच. ज्या बिलावर आत्ताचं रीडिंग मागच्याइतकंच आहे आणि युनिट मात्र लावलेत, किंवा 'डोअर लॉक' किंवा मीटर चालत नसल्याचा शेरा आहे पण तुमच्या घरात माणूस होता आणि मीटर चालू होता, ते बिल सरासरीचं समजा.

फोटो आत्ताच काढा, नंतर पुरावा नाहीसा होतो

हा ह्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे म्हणून जरा थांबून सांगतो. ऑफिसात आम्हाला तीनदा एकच उत्तर मिळालं, "थांबा हो, मीटर 6891 पर्यंत आला की आपोआप अ‍ॅडजस्ट होतंय." ऐकायला बरोबर वाटतं. पण युनिट जरी पुढं जुळले तरी ऑगस्टचं ₹4,260 चं बिल तसंच राहतं, गृहज्योतीचे गेलेले महिने परत येत नाहीत आणि न भरलेल्या रकमेवर व्याज चढत राहतं. आणि त्याहून मोठं म्हणजे, मीटर 6891 च्या पुढे गेला की चूक झाली होती हे दाखवणारी वस्तूच उरत नाही. आत्ता मीटर स्वतः साक्ष देतोय, नोव्हेंबरला 6702 दाखवणारा मीटर ऑगस्टला 6891 वर असूच शकत नाही, मीटर काही मागे फिरत नाही. मावशीच्या वापराने जानेवारीत तो आकडा ओलांडला असता. म्हणजे आमच्या हातात पाच महिने होते आणि त्यातले चार ऑफिसच्या चकरांत गेले होते.

म्हणून फोटो असा काढा की एकाच फोटोत रीडिंग आणि मीटरचा सिरीयल नंबर दोन्ही दिसतील. डिजिटल मीटरवर आकडे बदलत राहतात, कधी तारीख, कधी व्होल्टेज, कधी केडब्ल्यूएच, तुम्हाला केडब्ल्यूएच म्हणजे युनिटवाला आकडा हवा. दर महिन्याला रीडिंगवाला येऊन गेला की त्याच दिवशी एक फोटो, आणि जमलं तर वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ. फोटो मोबाईलमधून उडवू नका, व्हॉट्सअपवर पाठवलेल्या कॉपीत काढल्याची तारीख राहत नाही म्हणून मूळ फोटो जपून ठेवा.

मधेच कुणी "मीटर फॉल्टी दिसतोय, बदलून देतो" म्हणून आलं तर सावध रहा. बदलायला नाही म्हणू नका, पण जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि सिरीयल नंबर कागदावर लिहून घ्या, आपल्याकडे त्या जागेवरच्या पंचनाम्याला महाजर म्हणतात, त्यावर त्यांची सही घ्या आणि कॉपी मागा. नाहीतर जुना मीटर गेला आणि त्याच्याबरोबर तुमचा पुरावाही गेला.

खालच्या ऑफिसात तक्रार केल्याचा कागद पाहिजे

वेदिका पहिल्यांदा विचारते, कंपनीकडे तक्रार केली होती का आणि त्यांनी काय केलं. तोंडी केलेल्या चकरा तिथं चालत नाहीत. मावशी तर नुसती जाऊन बोलून यायची, "मी काय चोरी केलीय व्हय?" असं विचारून परत यायची, आणि तिच्याकडे एकही कागद नव्हता. मग आम्ही असं केलं. 1912 ला फोन करून तक्रार नोंदवली आणि तो नंबर वहीत लिहिला. 20 ऑगस्टला सेक्शन ऑफिसरला लेखी अर्ज. 25 सप्टेंबरला सब-डिव्हिजनच्या असिस्टंट एक्झिक्युटिव्ह इंजिनियरना म्हणजे एईई साहेबांना, 24 ऑक्टोबरला डिव्हिजनच्या एक्झिक्युटिव्ह इंजिनियरना म्हणजे ईई साहेबांना. प्रत्येक अर्जाची दुसरी कॉपी नेऊन त्यावर शिक्का, तारीख आणि सही घेतली. ह्याला कन्नडमध्ये 'स्वीकृती' म्हणतात, तोच शब्द वापरला की काउंटरवर लगेच कळतं. "साहेब नाहीत, नंतर या" म्हणाले तर वाद घालत बसू नका, त्याच दिवशी पोस्टात जाऊन स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि पोचल्याची ट्रॅकिंगची प्रिंट दोन्ही ठेवा. ह्या पावत्या पुढं शिक्क्याइतक्याच कामाला येतात.

अर्जावर बिलावरचा कनेक्शनचा आरआर नंबर आणि अकाउंट आयडी दोन्ही टाका, आपल्याकडे सगळा हिशेब आरआर नंबरवर चालतो. अर्जाची भाषा कन्नड किंवा इंग्रजी ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे. मराठीत लिहायला आपल्याला सोपं जातं आणि त्याचं महत्त्व मला कळतं, पण इथं आपल्याला पैसे परत हवेत, आणि वाचणारा माणूस कन्नडमध्ये फाईल चालवतोय. आधी मराठीत नीट लिहून काढा, मग गावातल्या शाळेत जाणाऱ्या पोराकडून किंवा झेरॉक्सच्या दुकानात टाईप करणाऱ्याकडून कन्नड करून घ्या आणि सही करायच्या आधी त्याला परत मराठीत वाचून दाखवायला सांगा. आमच्या पहिल्या अर्जात टाईप करणाऱ्याने 6391 चं 6931 केलं होतं, वाचून घेतलं म्हणून सापडलं.

कनेक्शन वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर

गावाकडे निम्मी कनेक्शनं आजोबांच्या नाहीतर सासऱ्यांच्या नावावर असतात. मावशीचंही तिच्या सासऱ्यांच्या नावावर होतं आणि ते जाऊन अकरा वर्षं झालीत. ऑफिसात एकाने "आधी नाव बदला मग तक्रार करा" म्हणून तिला परत पाठवलं होतं. हे बरोबर नाही. वीज कायद्याच्या कलम 2(15) मध्ये ग्राहकाच्या व्याख्येत ज्याच्या घराला सध्या लाईन जोडलेली आहे तो माणूसही येतो. आम्ही सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती आणि मावशीचं रेशनकार्ड जोडलं आणि अर्ज तिच्याच नावाने दिला. तिच्या वतीने मी जाणार होतो म्हणून तिच्या सहीचं एक साधं अधिकारपत्रही लावलं. वकील लागत नाही.

लाईन कापायची नोटीस आली तर

20 नोव्हेंबरला नोटीस आली, एकूण बाकी व्याजासकट ₹10,400. इथं कलम 56 माहीत पाहिजे. लाईन कापायच्या आधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि बिलाबद्दल वाद असेल तर कंपनीने मागितलेली रक्कम किंवा तुम्ही मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या सरासरीप्रमाणे दर महिन्याची रक्कम, ह्यातली जी कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरली तर वाद मिटेपर्यंत लाईन कापता येत नाही. मावशीचे मागचे सहा महिने शून्य बिलाचेच होते, त्यामुळे सरासरी शून्य धरावी असं म्हणता आलं असतं, पण घरात म्हातारं माणूस, त्यात अंधारात बसायची पाळी नको म्हणून आम्ही तेवढं ताणलं नाही. महिना 105 युनिट धरून, योजना न धरता, साधारण ₹920 प्रमाणे चार महिन्यांचे ₹3,680 भरले.

भरताना एक चूक सगळेजण करतात. फोनवरून पैसे भरले की तिथं निषेध लिहायला जागाच नसते, आणि पुढं कंपनी म्हणते तुम्ही बिल मान्य करून भरलंत. त्यामुळे पैसे कसेही भरा पण त्याच दिवशी सब-डिव्हिजनला एक पत्र द्या, की अमुक तारखेला अमुक रक्कम कलम 56 प्रमाणे निषेध नोंदवून भरली आहे, बिल आम्हाला मान्य नाही, वाद चालू आहे. पावतीची झेरॉक्स जोडा, स्वीकृती घ्या.

2020 च्या ग्राहक हक्कांच्या केंद्रीय नियमांतही एक कामाची गोष्ट आहे, सरासरीचं अंदाजे बिल दोन बिलांच्या पुढं चालू राहिलं तर खऱ्या रीडिंगचं बिल येईपर्यंत ग्राहक पैसे भरायला नकार देऊ शकतो. हे आम्ही अर्जात लिहिलं. पण फक्त त्याच्या भरवशावर एक पैसाही न भरता बसा असं मी कुणाला सांगणार नाही, कारण लाईनमनला नियम दाखवेपर्यंत तो खांबावरून खाली उतरलेला असतो.

वेदिकेचा अर्ज

वेदिकेसाठी फॉर्म ए भरायचा. पत्ता कंपनीच्या वेबसाईटवर मिळतो, नाहीतर सब-डिव्हिजनमध्ये विचारा, सांगावाच लागतो. फॉर्मपेक्षा त्याच्यासोबतचा कागद महत्त्वाचा. आम्ही एक पानाचा तक्ता केला, चार ओळींचा, महिना, मीटरवरचं खरं रीडिंग, बिलावरचे युनिट, खरे युनिट. ऑगस्ट 6391, बिलात 607, खरे 107. सप्टेंबर 6497, बिलात 272, खरे 106. ऑक्टोबर 6600, बिलात 272, खरे 103. नोव्हेंबर 6702, बिलात 272, खरे 102. खाली बेरीज, बिलात 1,423 आणि खरे 418. कुठलाही अधिकारी हे पान अर्ध्या मिनिटात वाचतो, आणि तेवढाच वेळ तो देतो.

त्यानंतर मागण्या. "न्याय मिळावा ही विनंती" असं लिहून थांबू नका, त्यावर कुणाला काय आदेश द्यायचा ते कळत नाही. आमच्या मागण्या अशा होत्या, त्या तुमच्या आकड्यांनी बदलून घ्या :

"ऑगस्टचं बिल 6391 ह्या रीडिंगवर परत काढावं. सप्टेंबर ते नोव्हेंबरची सरासरीची बिलं रद्द करून खऱ्या रीडिंगवर काढावीत. ह्या चारही महिन्यांचा गृहज्योतीचा लाभ परत लावावा. व्याज काढून टाकावं. निषेध नोंदवून भरलेले ₹3,680 पुढच्या बिलांत जमा धरावेत. निकाल लागेपर्यंत लाईन कापू नये. मीटर 6891 च्या पुढे जाण्याआधी दोन्ही बाजूंसमोर मीटरची पाहणी करून महाजर करावा."

शेवटची मागणी आम्ही मुद्दाम वेगळ्या पत्रातही दिली आणि त्यावर वर 'तातडीचे' लिहिलं. 27 नोव्हेंबरला अर्ज गेला आणि 18 डिसेंबरला जेई साहेब घरी आले, मीटरवर 6827 होतं, महाजरवर तो आकडा आला, त्यांची आणि मावशीची सही झाली. माझ्या मते केस तिथंच संपली होती.

काही गोष्टी वेदिका घेत नाही. कलम 135 प्रमाणे वीजचोरीचा आरोप, कलम 126 प्रमाणे अनधिकृत वापराचं बिल, शॉक लागून झालेला अपघात, हे तिथं चालत नाही. म्हणून बिलासोबत आलेल्या कागदावर 126 किंवा 135 हा आकडा आहे का ते बघा. 126 च्या अंतिम आदेशावर अपील वेगळ्या अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत करायचं असतं आणि वेदिकेच्या नादात ती मुदत निघून जाते.

सुनावणीला काय होतं

वेदिकेवर कंपनीचे वरिष्ठ अधिकारी असतात आणि ग्राहकांच्या बाजूचा सदस्यही असतो. कंपनीचीच माणसं म्हटल्यावर काय मिळणार असं मलाही वाटलं होतं. पण तिथं बसलेला साहेब तुमच्या सेक्शनचा नसतो, त्याला समोरच्या कागदावर आदेश लिहायचा असतो, आणि कागद नीट असेल तर तो लिहितो. सुनावणीआधी कंपनीचं लेखी उत्तर येतं, त्याची कॉपी मागून घ्या. आमच्या केसमध्ये कंपनीच्या उत्तरात लिहिलं होतं की ऑगस्टच्या रीडिंगच्या दिवशी घर बंद होतं. मावशीने त्याच दिवशी रेशन घेतल्याची पावती काढून दिली, आणि तसंही घर बंद असतं तर 6891 हे रीडिंग आलं कुठून, हा प्रश्न आम्ही विचारला. त्यावर त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतं.

बोलणं कन्नडमध्ये झालं. तुम्हाला कन्नड समजत नसेल तर सुरुवातीलाच तसं सांगा आणि कन्नड बोलणारं कुणीतरी सोबत न्या. दहा मिनिटांचं काम असतं, त्यात सगळी हकीकत सांगत बसू नका, तक्ता पुढं करा आणि महाजरवर बोट ठेवा. ज्या कागदावर सही मागतील तो वाचून घेतल्याशिवाय सही नको, विशेष करून 'तक्रार मिटली' असं लिहिलेला.

केंद्राच्या 2020 च्या नियमांत तक्रार निकालात काढायला जास्तीत जास्त 45 दिवस धरलेत, म्हणून अर्ज पोचल्याची तारीख वहीत लिहा आणि दिवस उलटले की लेखी स्मरणपत्र द्या. मधल्या काळात फाईलमधला एखादा कागद, उदाहरणार्थ रीडिंगची नोंद, कंपनी देत नसेल तर माहिती अधिकारात मागा, फी ₹10. कर्नाटकात त्या अर्जाला 150 शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय चालतो, लांबलचक हकीकत लिहिली तर परत येतो.

आदेश आल्यावर

आमच्या बाजूने आदेश झाला, पण पुढच्या बिलात जुनी बाकी तशीच छापून आली. आदेश वेदिकेने दिला तरी कॉम्प्युटरमध्ये बदल सब-डिव्हिजनचा माणूस करतो, त्याच्यापर्यंत तो पोचलेलाच नसतो. आदेशाची कॉपी घेऊन स्वतः एईईंकडे गेलो, स्वीकृती घेतली, आणि सुधारलेल्या हिशेबाची प्रिंट मागितली. त्यात चार गोष्टी तपासल्या, युनिट 418 झाले का, चारही महिन्यांत गृहज्योती लागली का, व्याज गेलं का, आणि ₹3,680 जमा दिसतात का. पहिल्या प्रिंटमध्ये व्याज तसंच होतं. दुसऱ्या खेपेला गेलं.

आदेश विरुद्ध गेला किंवा वेदिकेने काहीच केलं नाही तर वीज लोकपालांकडे जाता येतं, त्यांचं ऑफिस बेंगळुरूला आहे आणि त्यासाठी फॉर्म बी असतो. आदेश हातात पडल्यापासून 30 दिवसांच्या आत पाठवा, म्हणून आदेशाच्या पाकिटावरची पोस्टाची तारीख फाडून टाकू नका, पाकीट आदेशालाच टाचून ठेवा.